वांग आणि हनुवटी

नणंदेचा साखरपुडा दोन दिवसांवर आला असताना सासूबाई देवळाली प्रवराहून केडगावला माझ्या पार्लरमध्ये आल्या. लग्नानंतर मी हे पार्लर थाटलं, तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं होतं. आज मात्र त्या थेट खुर्चीत बसल्या, पदर आणखी पुढे ओढला आणि म्हणाल्या, "ब्लीच कर. आन् ते सोन्याचं फेशियल बी."

मी पदर मागे सारला. दोन्ही गालांवर तपकिरी वांग होता, आणि मला आठवत होता त्यापेक्षा बराच गडद.

"हे एवढं कशानं वाढलं?"

त्या आधी उन्हाला बोल लावत राहिल्या. मग हळूच सांगितलं. बाजारातून ब्लीचची डबी आणली होती, लवकर गुण यावा म्हणून पावडर जास्त घातली आणि आग होत असतानाही खूप वेळ तोंडावर ठेवली. चेहरा भाजला, तो बरा झाला आणि तिथला काळेपणा वाढला. आता पोरीच्या साखरपुड्यात फोटोला उभं राहायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. ओटी भरायला आपल्या जावेला पुढे करणार होत्या.

मला राग आला. त्यांचा नाही, त्या डबीवरच्या गोऱ्यापान बाईचा.

"आई, ब्लीचनं कातडी उजळत नाही. चेहऱ्यावरची लव सोनेरी होते, म्हणून तोंड उजळल्यासारखं वाटतं. सावळ्या गालावर ती सोनेरी लव उलट उठून दिसते. आणि भाजलं की वांग पेटतोच. मी करणार नाही."

"मग सोन्याचं?"

"ते सोनं वरच्यावर चमकतं. तोंड धुतलं की गेलं."

"गिऱ्हाइकाला बी असंच सांगती का? मग तुझं दुकान कसं चालतं गं?"

चालतं कसंबसं, असं म्हणून मी हसले. खरं तर प्रश्न बरोबर होता. बायका गोरं व्हायला येतात, आणि मी त्यांना स्वच्छ करून पाठवते. क्लीनअपमध्ये मळ निघतो, नाकावरचे काळे ठिपके निघतात. फेशियलच्या मालिशने रक्त खेळतं, क्रीमने कातडी मऊ पडते, आणि एकदोन दिवस चेहरा टवटवीत दिसतो. पुढे पुन्हा आपला मूळचा चेहरा. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या निम्म्या शेजारच्या पार्लरमध्ये गेल्या.

"वांग जाईल का?" त्यांनी सरळ विचारलं.

"माझ्याकडून नाही जाणार. साखरपुडा उरकला की नगरला त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि शेतात जाताना रोज सनस्क्रीन लावायचं."

त्या आरशाकडे बघायचंही टाळत होत्या. आता उठून जातील, असं मला वाटलं. मग माझं लक्ष त्यांच्या हनुवटीकडे गेलं. तिथे जाड केस होते, काळे आणि पांढरे मिसळलेले. वांगाच्या नादात त्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. मी दोरा घेतला. ओठावरचे, हनुवटीवरचे केस काढले, भुवया जरा सारख्या केल्या. त्या एकदाही कळवळल्या नाहीत.

वाफ मुद्दाम दिली नाही, कारण उष्णतेनं वांग वाढतो. खरखरीत स्क्रबही नको म्हटलं. नुसतं दूध लावून चेहरा पुसला, क्रीम घेऊन हलक्या हातानं मालिश केलं आणि ओलाव्याचा गार मास्क लावला. या सगळ्या सोपस्कारांत डोळ्यांना फरक दिसतो तो या मास्कनं. कोरडी कातडी पाणी पिऊन जरा भरून येते.

मालिश करताना त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी हात थांबवला.

"दुखतंय का?"

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आई गेल्यापासून माज्या तोंडाला कुनी असा हात लावला न्हाई. तू कर."

मी करत राहिले.

मास्क काढल्यावर त्यांनी आरसा मागितला. वांग होता तिथेच होता. त्यांनी तो नीट बघितला, मग हनुवटीवरून बोटं फिरवली, एकदा, पुन्हा एकदा.

"साखरपुड्याला मेकअपनं झाकू का वांग?" मी विचारलं. ते मला जमलं असतं.

"नको. मग पोरगी बी वळखायची न्हाई."

साखरपुड्याला सासूबाईंच्या जाऊबाई ओटीचं ताट घेऊन तयार होत्या. सासूबाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. फोटोत नणंद हसतेय, आणि तिच्या शेजारी पदर मागे टाकून, गालांवर वांग घेऊन आई उभी आहे. एका हातात ताट आहे. दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीवर आहेत.