कुणाला कळू नये म्हणून

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घ्यायचे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझी कीव करायची की मला हसायचं हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

२००९चा उन्हाळा होता आणि मंदी ऐन भरात होती. नवरा ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलमध्ये सहा महिन्यांच्या लोकम, म्हणजे बदली डॉक्टरच्या, पोस्टवर गेला होता. ती वाढेल की नाही हे तिथल्या कन्सल्टंटलाही सांगता येत नव्हतं. मुलगी आणि मी बेसिंगस्टोकलाच. म्हणजे घरात पक्की अशी एकच गोष्ट होती, माझी नोकरी. मला ब्रिस्टलला जायचं होतं, पण तिकडच्या नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत इकडच्या खुर्चीला धक्का लागू द्यायचा नव्हता. ऑफिसात कमी करायच्या माणसांची यादी होते आहे, हे किचनमधल्या किटलीलासुद्धा ठाऊक होतं.

नोकरीवाल्यांच्या त्या वेबसाइटवर मी वर्षभरापूर्वीच नाव घातलं होतं. आमच्या इथल्या मराठी मंडळात तेव्हा त्याची साथच आली होती. गणपतीला आरती झाली की पुरुष मंडळी प्रसादाची बशी हातात घेऊन एकमेकांना विचारायची, ‘तुम्ही आहात का त्यावर?’ आणि घरी पोचायच्या आत इन्व्हिटेशन आलेलं असायचं. नाही कसं म्हणणार? पुढच्या कार्यक्रमात तोंड दाखवायचं असतं. त्यामुळे माझ्या नेटवर्कमध्ये टेस्टिंगवाले आठ-दहा आणि मंडळवाले साठेक होते. त्यातच आमचे मॅनेजर. तेही मराठी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. ऑफिसात मी त्यांना इंग्रजीत नावाने हाक मारायचे आणि मंडळात ‘अहो’ म्हणायचे.

कॉव्हेंट्रीची माझी मैत्रीण एका कंपनीत एचआरमध्ये होती. जन्मली इथेच, त्यामुळे तिचं मराठी ऐकताना मजा यायची. ती फोनवर म्हणाली, ‘अगं, जॉब हंट स्टार्ट करायच्या आधी प्रायव्हसी सेटिंग्ज चेक कर, ओके? तू ब्रिस्टलच्या मॅनेजर्सचा प्रोफाइल बघतेस ना, त्यांना तुझा नाव दिसतो.’

मी हादरलेच. आठवडाभर मी ब्रिस्टलच्या एकाच माणसाचं प्रोफाइल दिवसातून चारदा उघडत होते. तो काय समजला असेल!

लगेच सेटिंग्ज उघडल्या. आपण कुणाचं प्रोफाइल पाहिलं की त्याला काय दिसावं, याचे तीन पर्याय होते: नाव आणि हुद्दा दिसावा, नुसतं क्षेत्र आणि पद दिसावं, किंवा काहीच दिसू नये. मी ‘काहीच नको’वर टिचकी मारली आणि समाधानाने चहा केला. मी आता अदृश्य झाले होते. निदान माझी तशी ठाम समजूत झाली होती.

मग मी निर्धास्तपणे कामाला लागले. ब्रिस्टलच्या त्या माणसाच्या कंपनीत अर्ज टाकला. हुद्द्याची ओळ बदलली, प्रोजेक्टची माहिती भरली, दोन जुन्या सहकाऱ्यांना शिफारस लिहायला सांगितली. दोघांनीही भराभरा लिहिल्या, मी त्या प्रोफाइलवर लावल्या. एक गोष्ट मात्र खटकत होती. माझं प्रोफाइल कोण पाहून गेलं याची यादी एरवी दिसायची, ती गायब झाली होती. मला वाटलं, कुणी बघतच नाही. एवढी मेहनत केली आणि एक माणूस फिरकू नये? राग आला मला.

शनिवारी मंडळातल्या एका काकांचा मेसेज आला: ‘अभिनंदन! प्रोफाइल झकास. कुठे निघालीस?’

मी तो मेसेज तीनदा वाचला. अदृश्य बाईचं अभिनंदन काका कसे करतात? मैत्रिणीला फोन लावला.

‘ओ माय गॉड,’ ती म्हणाली. ‘ते वेगळं सेटिंग आहे! तू फक्त व्ह्यूइंग मोड चेंज केलीस. तू कुणाला बघतेस ते हाइड झालं. पण तू प्रोफाइल चेंज केला, रेकमेंडेशन लावला, तर ते तुझ्या सगळ्या कनेक्शन्सना अपडेट जातो. ॲक्टिव्हिटी ब्रॉडकास्ट. ते ऑफ करायला पाहिजे होता, आधी.’

‘मग माझी यादी कुठे गेली?’

‘तू स्वतःला हाइड केलीस ना, मग तुलाही दिसत नाही कोण आला ते. इट्स ओन्ली फेअर.’

फेअर म्हणे! म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली मी आत ठेवली होती आणि खिडकी सताड उघडी. ब्रॉडकास्टची खूण मी तिथल्या तिथे काढली, पण ती पुढच्या बदलांपुरती. साठ घरी गेलेली बातमी परत कशी आणायची? पाहणाऱ्यांची यादी मिळावी म्हणून मी पुन्हा नावानिशी दिसायचं ठरवलं. दोन दिवसांनी यादीत एक ओळ उगवली: ‘आयटी क्षेत्रातले मॅनेजर, हॅम्पशायर.’ नाव नाही. हॅम्पशायर म्हणजे आमचीच काउंटी, पण आयटीतले मॅनेजर तिथे गल्लोगल्ली होते.

त्यानंतरचे तीन आठवडे मी आमच्या मॅनेजरांचा चेहरा वाचण्यात घालवले आणि मला काही म्हणता काही वाचता आलं नाही. ते माझ्याशी नेहमीपेक्षा गोड वागत होते. पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टमधून माझं नाव निघालं, तेव्हा म्हणाले, ‘तुझ्यावर उगाच लोड नको.’ माझं काम एका नव्या मुलीला शिकवायला सांगितलं. हे चांगलं की वाईट? मी रात्री एक ठरवायचे, सकाळी दुसरं. ‘तू जाणार आहेस का?’ असं त्यांनी विचारलं तर काय म्हणायचं, हे मात्र मी पाठ केलं होतं. ‘छे, नुसती प्रोफाइलची साफसफाई.’ बसस्टॉपवर उभी राहून मी ते वाक्य पुटपुटायचे.

त्यांनी विचारलंच नाही. दरम्यान ब्रिस्टलहून ईमेल आलं: भरती थांबवली आहे, क्षमस्व.

त्याच आठवड्यात मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. एचआरच्या बाईंनी ‘ॲट रिस्क’चं, म्हणजे नोकरी जाण्याच्या बेतात असल्याचं, पत्र समोर ठेवलं, पुढच्या पायऱ्या समजावल्या आणि त्या गेल्या. आम्ही दोघंच उरलो. मॅनेजर मराठीत बोलायला लागले. ऑफिसात पहिल्यांदाच.

‘वाईट वाटून घेऊ नकोस. चौघांतून एकाचं नाव द्यायचं होतं. बाकीच्या तिघांना दुसरीकडे काहीच नाहीये. तुझा नवरा ब्रिस्टलला, तुझंही तिकडचं ठरलेलं, म्हणून म्हटलं, तुला तसा त्रास होणार नाही.’

‘माझं कुठे काय ठरलंय?’ माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ‘ठरलं नाहीये हो काही. त्यांनी नाही म्हणून कळवलंय.’

त्यांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. निर्दय माणूस असता तर भांडता तरी आलं असतं.

‘पण ते सगळं... नवीन प्रोफाइल, त्या शिफारशी... मी बघून आलो होतो. मला वाटलं, झालंच असणार.’

‘मग मला एकदा विचारलं का नाही तुम्ही?’

‘कसं विचारणार?’ ते अगदी मनापासून म्हणाले. ‘तुझी खासगी गोष्ट. तू होऊन सांगितली नव्हतीस, म्हणजे कुणाला कळू नये अशीच तुझी इच्छा असणार.’