होकाराआधी पडलेले खांदे

विश्रामबागेतल्या माझ्या ॲनिमेशन स्टुडिओत तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याची जाहिरात चालली होती. त्यातला शेतकरी माल विकावा की नाही, याचा विचार करतो. स्टुडिओतल्या ॲनिमेटर मुलीने त्याला सारखा हलता ठेवला होता. मी भडकलो, "हा विचार करत नाही, याला डास चावतायत."

व्यापारी शॉट बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी तिने नवा दाखवला. शेतकरी थबकला. आधी नजर कोपऱ्याकडे गेली, मग मान वळली. भार एका पायावरून दुसऱ्यावर आला, हात कानाच्या पाळीशी गेला. पापणी लवली, खांदे सैल पडले, आणि तो "नाही" म्हणाला. पण तो विकणार, हे मला आधीच दिसलं होतं.

"हे कुठून आणलंस?"

"आवं सर, तुमीच हाय त्यो. व्यापारी तुमच्याकडनं जाहिरातीचा भाव पाडून घेत व्हते, तवा मोबाईलवर घेतलं. माणसं बघून शिका म्हणताय न्हवं?"

माझा हात कानाच्या पाळीवरच होता. त्या व्यापाऱ्यानं जाहिरातीच्या पैशांत मला दर वेळी फसवलं, असं मी वर्षभर सांगत होतो. तो फक्त माझे खांदे पडायची वाट बघत होता.

शॉट मी तसाच ठेवला. उद्या तो बघायला येणार, म्हणून कानावरचा हात तेवढा काढायला लावला.