बैलाचे दात

पाथर्डीकडची साळूबाई ऊसतोडीला जायची. बैल घेताना ती दात बघायची, चालवून बघायची, का विकतोय तेही विचारायची. नणंदेचा पोरगा अंगद शेअरबाजारातून महिन्याला दहा टक्के नक्की देतो म्हणाला, तेव्हा मात्र तिने सरळ पैसे देऊन टाकले. एवढा नफा येतो कुठून, सेबीची नोंदणी आहे का, मुद्दल मागितलं तर लगेच मिळेल का, काहीच विचारलं नाही. घरच्या पोराला असलं विचारायचं नसतं म्हणे.

व्याज वेळेवर यायचं, म्हणून तिने धाकट्या बहिणीला, जयालाही पैसे गुंतवायला लावले. पुढच्याच व्याजात साळूबाईने नथ केली. मग अंगद पळाला.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, "शेअर घेतलेच नव्हते. नव्या माणसाचे पैसे जुन्याला व्याज म्हणून वाटायचा."

जयाने बहिणीच्या नाकाकडे पाहिलं. "आक्का, म्हंजी ही नथ माझ्याच पैशाची हाय."