वरची रेघ आणि मानेची घडी

आमच्या शाळा-तपासणीच्या गाडीत दोन डॉक्टर असतात, एक सिस्टर असते आणि एक न संपणारं भांडण असतं. एक मी, दुसरे डॉक्टर बोरी अरब गावचे, वयाने माझ्याहून लहान, स्वभावाने माझ्या सासऱ्यांसारखे. भांडण बीएमआयच्या तक्त्यावरून. पोराचं वजन घ्यायचं, त्याला उंचीच्या वर्गाने भागायचं, इथवर आमचं एकमत. आलेला आकडा त्या वयाच्या कोणत्या रेघेशी ताडायचा, इथून पुढे तोंडाला तोंड.

त्यांना आंतरराष्ट्रीय तक्ता हवा. आमच्या कार्डावर छापलेला तोच आहे आणि अहवालही त्याचाच जातो. मला भारतीय तक्ता हवा, कारण त्यातली जादा वजनाची रेघ खाली आहे. आपल्या माणसांना जरा वजन वाढलं की साखर आणि बीपी लवकर गाठतात. म्हणून मोठ्यांसाठी जी खालची मर्यादा धरतात, तिच्याशी जुळवून मुलांची रेघ आखली आहे.

"मंग पोडावरच्या शाळेत तुम्ही छापील तक्ता कायले धरता?" त्यांनी पांढरकवड्याच्या वाटेवर एकदा मला बरोबर पकडलं होतं. खरंच, कोलामांच्या त्या वस्त्यांवर धरते. भारतीय तक्त्यात बारकेपणाची रेघही खाली आहे. त्या रेघेने पाहिलं, तर ज्या पोरांच्या फासळ्या मला लांबून दिसतात त्यातली कितीतरी 'योग्य' ठरून खेळायला पळतात.

"आपल्या पोरांचा बांधाच बारीक असते मॅडम. उगाच सगळ्यायले कुपोषित म्हनून मोकळं व्हायचं?"

"मले बोलावून पाहू द्या. धडधाकट निघालं तर सोडून देईन."

"म्हंजे वरून देशी, खालून परदेशी. सोय पाहून राह्यल्या तुम्ही!"

मी चिडले, कारण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एकाच कार्डावर दोन तक्त्यांच्या रेघा मिसळल्या तर या वर्षीचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी जुळणार नाही, हे मलाही कळतं. शेवटी तह झाला. कार्डावर आणि अहवालात छापील तक्ताच. मात्र बारकाईने तपासायला माझ्या टेबलापाशी कोणाला बोलवायचं, ते यवतमाळच्या शाळांपुरतं भारतीय तक्त्याची वरची रेघ ठरवेल. पोरं उगाच बोलावली असं निघालं तर चहा माझ्याकडून.

पहिलीच शाळा शहरातली, मोठ्या पटांगणाची. त्या दिवशी खरं काय पणाला लागलं होतं ते मला दुपारपर्यंत माहीत नव्हतं. सहावीतल्या एका मुलीची प्रार्थनेतली जागा. ती रोज सगळ्यांच्या पुढे उभी राहून प्रार्थना सांगायची, आवाज खणखणीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गशिक्षिकेने तिला मागच्या रांगेत पाठवलं होतं.

माझ्या टेबलापुढे रांग लागली ती पाहून आमचे डॉक्टर खूश. "घ्या, अर्धी शाळाच आली! चहा सांगू का?" अर्धी शाळा नव्हती, पण नेहमीपेक्षा पुष्कळच पोरं होती, आणि बरीचशी अगदी ठणठणीत. मी पोट मोजत होते, बीपी बघत होते, खेळता का, काय पिता, घरात साखर कोणाला आहे असं विचारून परत पाठवत होते. 'जाड' हा शब्द कोणी उच्चारला तर सिस्टर असे डोळे वटारायची की पोरंच काय, मास्तरही गप्प बसायचे. मनातून मात्र मी चहाचा हिशोब घातला होता.

मग ती आली. छापील तक्त्याप्रमाणे तिच्या कार्डावर 'योग्य' लिहून झालं होतं, तेही जेमतेम. भारतीय रेघेच्या मात्र ती थोडी वरच होती. गालाला खळी, केस मोकळे, आणि कॉलरचं बटण गळ्याशी घट्ट लावलेलं.

"बटन काढ बेटा, जरा पाहू दे."

"नाही."

"काहून?"

तिने कॉलर मुठीत धरली. डोळे भरले. सिस्टरने पडदा ओढला, पाणी दिलं आणि इकडचं तिकडचं बोलत हळूच तिचे केस बाजूला केले. मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा. मखमलीवर उलटा हात फिरवला की दिसतो तसा. आणि त्याच्यावर लालबुंद खरचटलेलं.

"हे कशानं झालं?"

"आईनं घासलं. टाचा घासाच्या वजरीनं, दगडानं. आज डॉक्टर येनार म्हनून जास्तच."

मग धडाधड सगळं बाहेर आलं. सकाळी रांगेत नखं, दात, मान तपासतात. बाईंनी तिची मान पाहून म्हटलं, पुढे उभं राहायचं तर आधी आंघोळ करत जा. ती घरी रडली. आई कधी लिंबू-मिठाने, कधी बेसनाने, कधी दगडाने रोज घासत होती. काळं जात नव्हतं, म्हणून प्रार्थनाही मिळत नव्हती.

मला इतका राग आला की हातातला स्टेथोस्कोप मी टेबलावर आपटलाच. तो मळ नव्हता. अंगातलं इन्सुलिन नीट लागू पडत नसलं, की शरीर ते जास्त बनवतं आणि मानेच्या, काखेच्या घड्यांत कातडी अशी काळी पडते. दगडाने ती कशी जाणार? उलट आणखी जाड होणार. मी आमच्या डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी मान पाहिली, कार्डावरचं 'योग्य' पाहिलं, आणि मला टोमणा मारायचं विसरून म्हणाले, "आपण हिले सोडूनच देल्लं असतं."

आईला बोलावून घेतलं. त्यांची नाश्त्याची गाडी शाळेपासून जवळच होती. आलूबोंड्याच्या पिठाने भरलेले हात पदराला पुसत ती धावत आली. वर्गशिक्षिकाही आल्या. दोघींना मी एकदमच सांगितलं, एकदा रागाने आणि मग सिस्टरने माझा हात दाबल्यावर एकदा नीट. मुलगी स्वच्छ आहे. रोज आंघोळ करते. कातडीवरून कळतंय की पुढे साखरेचा आजार होऊ शकतो, झालाच आहे असं नाही. तपासणी करू. तिला उपाशी ठेवायचं नाही. गोड पेयं बंद, रोज खेळ, आणि हे घरातल्या सगळ्यांनी. वजन आवरलं तर काळं हळूहळू फिकं होईल. पुढे दवाखान्यात मुलीची साखर ठीक निघाली. आईची मात्र काठावर होती.

त्या दुपारी शाळेत हे सगळं ऐकून आई पुढे सरकली. मग तिने आपला पदर मानेवरून सरकवला आणि पाठ माझ्याकडे केली. तिथेही तोच पट्टा. "मी बी लहानपनापासून घासून राह्यली मॅडम. मले वाटे, मीच घानेरडी हावो."

वर्गशिक्षिका खाली बघत होत्या. चांगली बाई. पुढे झाल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चुकलं माझं बेटा. उद्यापासून प्रार्थना तूच सांगशील."

मुलीने डोळे पुसले, कॉलरचं बटण स्वतःच्या हाताने काढलं आणि आईकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "घरी गेल्यावर पहिले तो दगड बाहेर फेकजो. आन् तूबी नको घासू आता."