मामाच्या हातचा पहिला घास

भिवरामावशी महिने मोजते बोटांच्या पेरांवर, आणि चालू महिनाही त्यात धरते. तिच्या रुपालीची लेक ऑगस्टात झाली, इथंच राणीसावरगावात, माहेरी. डिसेंबरात पोरीचे चार महिने भरले आणि मावशी आळीभर सांगत सुटली, पाचवा लागला म्हणून.

मी अंगणवाडीची सेविका. मला बघितलं की मावशी आधी चहा टाकते आणि मग भांडते. त्या दिवशी चहाच्या आधीच म्हणाली, "बाई, परवा उष्टावण हाय. जेवायलाच या."

"कुणाचं?"

"माज्या नातीचं, वैष्णवीचं! पोराचं बेकी महिन्यात, पोरीचं एकी महिन्यात. पाचवा लागलाय, आन सुरज मेंढरं घेऊन निघायलाय. मामाच्या हातचा घास व्हायलाच पायजे."

सुरज तिचा धाकटा. मेंढरं घेऊन दिवाळीनंतर जो निघतो तो थेट मृगाला परततो. मावशीचं म्हणणं मला कळत होतं हो! पण माझं डोकं फिरलंच.

"मावशी, चालू महिना धरायचा न्हाई. सहा पुरे भरू द्या. तवर आईचं दूध, बस्स. पाण्याचा थेंब सुदिक न्हाई. पोट कच्चं असतंय, जुलाब लागले तर काय करताव?"

अंगणात कोवळं ऊन पडलं होतं, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, आणि रुपालीच्या मांडीवर पोर झोपेत हसत होती. मावशी तिच्याकडं अशी बघत राहिली की मीच विरघळले. सुरज म्हणाला, "आये, माज्यापायी पोरीला कायबी घालू नगं." दुसऱ्या दिवशी कळप घेऊन तो गेला. धूळ बसेपर्यंत मावशी वाटेवर उभी होती.

मला वाटलं, जिंकले. कसलं काय! जानेवारीत मावशी हसत हसत आली. "मंग अकराव्यात करू. एकीच हाय. मृगाला सुरजबी येतोय."

"अगं माझे आई!" मी कपाळावर हात मारला. "तवर नुसतं दूध? सहा भरले की दूध पुरत न्हाई लेकराला. दूध चालू ठेवायचं, पण वरचं खाणं लगेच सुरू करायचं. उशीर केला तर पोर वाळंल."

"आधी लवकर नगं म्हंता, आता उशिरा नगं म्हंता. तुमचं हाय तरी काय?"

"सहा भरले की सातवा लागतोय ना? सातवा एकी हाय का बेकी?"

तिनं पेरं मोजली. पुन्हा मोजली. "एकीच की वो," ती हळूच म्हणाली. मग चेहरा पडला. "पर मामा?"

मावशी उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथूनच वळली. "मामा यायचा न्हाई," ती म्हणाली, "तर आपुन जाऊ."

फेब्रुवारीत सहा भरले आणि आम्ही निघालो. मावशी, रुपाली, पोर आणि मी आगाऊ. एसट्या बदलत देवगाव फाट्याला उतरलो. सुरज तिथून आत एका रानात तळ ठोकून होता. हरभरा निघालेल्या काळ्या रानात मेंढरं बसली होती, वारा पडला होता, सगळं कसं झोपेत बघितल्यासारखं. कुणाला मोठ्यानं बोलावंसंच वाटेना.

रुपालीनं तीन दगडांवर ताजा मऊ भात शिजवला, मुगाची डाळ घालून, वर तूप. घोटून घट्टसर केला, चमच्यावरून ओघळणार नाही असा. सुरजनं साबणानं हात दोनदा धुतले, तरी मावशी म्हणाली, "आजून धू." पोर मांडीवर टेकून बसली, मान ताठ. सुरजनं चमच्याच्या टोकावर इवलासा घास धरला. पोरीनं आधी त्याच्या मिशीकडं बघितलं, मग तोंड उघडलं. चाटलं, तोंड वाकडं केलं, गिळलं. आणि पुन्हा तोंड उघडलं!

दोन-तीन चमच्यांवर मी थांबवलं. पहिल्या दिवशी तेवढंच बास. रुपालीनं पोरीला पदराखाली घेतलं.

मावशी वाटी हातात धरून तशीच बसली होती. डोळे भरून आलेले.

"सुऱ्या, तुजं उष्टावण झालंच न्हाई रे," ती म्हणाली. "तू पाठीवर, मेंढरं म्होरं. चालता चालता तुज्या तोंडात कवा काय घातलं, मला आठवतच न्हाई."

सुरज हसायला गेला, पण हसू आलं नाही. मावशीनं वाटीतल्या भाताचा घास केला आणि मिशीवाल्या लेकापुढं धरला. "आ कर."

त्यानं आ केला.