शेवटचा ‘म’

सुरतच्या उधन्यात ख्रिस्ती सिस्टरांच्या एका शाळेत मी मराठी शिकवते, आणि लाल पेन माझ्या हातातून सुटत नाही. वेलांटी चुकली की माझं डोकं फिरतं. त्या वर्षी नववीतल्या एका मुलीने मला जेरीस आणलं होतं. घर धुळ्याकडचं, वडील पॉवरलूमवर, घरात अहिराणी. तिच्या निबंधात ‘मायले’, ‘बाले’, ‘मास्तरले’ असा ‘ला’ऐवजी ‘ले’चा सुळसुळाट. मी प्रत्येक ‘ले’भोवती गोल काढायचे आणि वर्गात वाचूनही दाखवायचे. मुली खिदळायच्या, ती बाकाकडे बघत बसायची.

तेव्हाच शाळेची जुनी पितळी घंटा घासायला काढली. काळं पुट निघालं आणि कडेला तीन शब्द दिसले: Magistram docet discipula. लॅटिन! शाळेला आयतं ब्रीदवाक्य मिळालं म्हणून मुख्याध्यापिका सिस्टर हरखून गेल्या. शब्दकोशात एकेक शब्द शोधून त्यांनी ओळीने इंग्रजी मांडलं, ‘द टीचर टीचेस द प्युपिल’. त्यावरून मी मराठी केलं, ‘शिक्षिका विद्यार्थिनीला शिकवते’. वाचून मलाच माझं कौतुक वाटलं. फाटकाशेजारच्या भिंतीवर तिन्ही भाषांत लिहायचं ठरलं. शनिवारी कार्यक्रम होता. शुक्रवारी दुपारी पेंटरभाई लॅटिन ओळ संपवून खालच्या ओळींसाठी खडूच्या रेघा आखत होते.

ती मुलगी माझ्यामागे येऊन उभी राहिली.

“बाई, ते उलटं झालंय.”

“काय उलटं?”

“पहिल्या शब्दाच्या शेवटी ‘म’ आहे ना. जिच्या शेवटी ‘म’, तिला शिकवतात. शिकवणारी दुसरी.”

मला हसू आलं, रागही आला. ‘मास्तरले’ लिहिणारी मला लॅटिन सांगणार! “तुला कोणी सांगितलं गं?”

“मोठ्या सिस्टरांनी.”

मोठ्या सिस्टर म्हणजे शाळेच्या निवृत्त, नजर अधू झालेल्या सिस्टर. मधल्या सुट्टीत ही पोर त्यांना पेपर वाचून दाखवते हे मला माहीत होतं. त्या बदल्यात तिला लॅटिन मिळतंय, हे मात्र नव्हतं. आता तिची परीक्षा होती. खोटी ठरली असती तर पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं तिने, आणि ते माझ्यामुळे झालं असतं. मी पेंटरभाईंना थांबवलं. ते वैतागले, “बेन, लखुं के नहीं?” मी म्हटलं, “दस मिनिट, भाई.” तिला घेऊन मी मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेले.

मी तीन शब्द वाचले आणि सिस्टर टाळी वाजवून हसल्या. मग मुलीला म्हणाल्या, “दाखव यांना.”

तिने वहीच्या कागदाचे तीन तुकडे करून त्यांवर शब्द लिहिले आणि टेबलावर मांडले. जागा बदलल्या: discipula magistram docet. “अर्थ तोच, बाई. शिकवणारी विद्यार्थिनीच.” मग पेन्सिलीने एकीचा ‘म’ खोडला आणि दुसरीला लावला. “आता अर्थ फिरला. आता बाई शिकवतात.” तिने पुढे सांगितलं, इंग्रजीत शब्दांना अशी शेपटी नाही, म्हणून तिथे जागा पाळावी लागते, ‘द प्युपिल टीचेस द टीचर’ असंच लिहावं लागतं. सिस्टर मान डोलवत होत्या.

“इतकं चटकन तुझ्या लक्षात कसं आलं?” मी विचारलं.

तिने खाली पाहिलं. “आमच्या घरी ‘ले’ आहे ना. बाईले पोर शिकाडस. पोर बाईले शिकाडस. कसंही म्हणा, ‘ले’ बाईलाच आहे. हा ‘म’ म्हणजे आमचा ‘ले’.”

मला एकदम भरून आलं. मी अमरावतीची. माझी आई ‘मले’, ‘तुले’च म्हणायची. कॉलेजात पोरी हसल्या म्हणून मी ते गिळून टाकलं, आणि वर्षभर दुसऱ्याच्या लेकीच्या वहीत त्यावरच लाल गोल काढत बसले. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मुख्याध्यापिका सिस्टरांनी ऐकलं, कपाळावर हात मारला आणि दिलखुलास हसल्या. पेंटरभाईंनी रेघा पुसून इंग्रजी ओळ बरोबर घातली. मराठीसाठी मी तिलाच पुढे केलं. ती म्हणाली, “लॅटिनसारखं शिक्षिकेलाच आधी ठेवू या, बाई. आपल्याला उलटवावं लागत नाही.” भिंतीवर आलं: ‘शिक्षिकेला विद्यार्थिनी शिकवते’.

रंग ओला असतानाच अख्खी नववी बघायला गोळा झाली. कोणीतरी विचारलं, हे कोणी केलं? मी तिचा हात वर धरला. टाळ्या पडल्या आणि ती पहिल्यांदा दात दाखवून हसली.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन मोठ्या सिस्टरांच्या खोलीकडे निघाली, तेव्हा मीही वही घेऊन मागोमाग गेले.

“बाई, तुम्ही?”

“हो,” मी म्हटलं, “मलेबी शिकव.”