दहा टक्क्यांचा फ्रिज

"अहो, दरमहा हजार मुद्दल फेडणार, मग व्याज शेवटपर्यंत बारा हजारांवरच कसं?" बायको दुकानदारावर अशी ओरडली की विश्रांतवाडीपर्यंतचे कावळे उडाले.

फ्रिज रोखीने बारा हजारांना. हप्त्यांनी दहा टक्के व्याज लावून अकराशेचे बारा हप्ते. माझी ठेव बँकेत नुकतीच पिकली होती. ती पुन्हा बारा टक्क्यांनी ठेवायची, दहाने फ्रिज घ्यायचा, म्हणजे फ्रिजच आम्हाला पोसणार, असं मी अख्ख्या पेठेला सांगून बसलो होतो.

बायकोने तिथेच हिशेब मांडला. वर्षभरात सरासरी देणं साडेसहा हजार, व्याज मात्र बाराशे. खरा दर अठराच्या आसपास. मी निमूट रोख मोजली.

"मग हप्त्याने घेतं कोण?" मी विचारलं.

"एकटे येतात ते," दुकानदार म्हणाला.